पहिल्या तीन पायऱ्या चालतात, चौथ्या पायरीला मेमरी संपते: जीपीयू भाड्याने घेण्याआधीचा हिशोब

सोलापूरहून माझ्या मावसभावाचा रात्री फोन आला. "ताई, मॉडेल पाचशे एमबीचं नाही आणि सोळा जीबीचं कार्ड भरलं म्हणतंय. मोठं कार्ड घेऊ का?" मराठी मजकुरावर जीपीटी-2 च्या सर्वांत लहान आकाराचं मॉडेल शून्यापासून शिकवायचं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी टी4 कार्ड तासाच्या भाड्याने घेतलं होतं. बॅच 16 ठेवली तर पहिल्याच पायरीला ट्रेनिंग बंद पडायचं. एकेक कमी करत तो 13 वर आला, तेव्हा तीन पायऱ्या झाल्या आणि चौथ्याला पुन्हा तेच. दोन संध्याकाळी आणि त्यांचं भाडं यात गेलं होतं.

हाच त्रास मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता सविस्तर लिहिते. बॅच कमी करत बसणं हा उपाय नव्हे. कार्ड भाड्याने घ्यायच्या आधी कागदावर वीस मिनिटं बेरीज केली, तर कार्ड पुरेल का, नसेल पुरत तर नेमकं कशामुळे, आणि किती तास लागतील, हे तिन्ही कळतं.

त्रुटीच्या संदेशातला आकडा वाचा

भावाला मी पहिल्यांदा स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा पाठवायला सांगितलं. `loss.backward()` च्या ओळीवर हे आलं होतं:

```
CUDA out of memory. Tried to allocate 3.07 GiB
```

सगळे "मेमरी संपली" एवढंच वाचतात आणि 3.07 कडे दुर्लक्ष करतात. पण हा आकडा थेट पत्ता सांगतो. एका फटक्यात तीन जीआयबी मागणारी एकच सलग वस्तू या मॉडेलमध्ये आहे तरी कोणती? सगळं मॉडेल मिळून अर्धा जीआयबी. मग बॅच, लांबी आणि शब्दसंग्रह यांचा गुणाकार करून पाहायचा:

```
16 × 1024 × 50257 × 4 बाइट = 3,293,642,752 बाइट = 3.07 GiB
```

सापडलं. 16 नमुने, प्रत्येकात 1024 टोकन, आणि प्रत्येक टोकनापुढे पुढचं टोकन कोणतं असेल याचे 50,257 गुण, प्रत्येकी 32 बिटांत. म्हणजे मेमरी खाणारा भाग मॉडेलच्या थरांत नाही, अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे, जिथे शब्दसंग्रहातल्या प्रत्येक टोकनाला गुण दिले जातात. या गुणांना लॉजिट म्हणतात. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तुमच्या मॉडेलची मापं घेऊन असाच गुणाकार करून पाहा. बहुतेक वेळा एक गुणाकार बरोबर जुळतो.

पॅरामीटर मोजणं

हा भाग सोपा आहे, पण एक खड्डा आहे. या मॉडेलची रुंदी 768, थर 12, संदर्भाची लांबी 1024. टोकनांचा तक्ता 50,257 × 768, म्हणजे 38,597,376. जागांचा तक्ता 1024 × 768, म्हणजे 786,432. एका थरात अटेन्शनचे, त्यानंतरच्या दोन रुंद जोडण्यांचे आणि दोन नॉर्मलायझेशनचे मिळून 7,087,872, असे बारा थर. शेवटी एका नॉर्मलायझेशनचे 1,536. एकूण 124,439,808.

2019 मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा त्याचा आकार 117 दशलक्ष म्हणून छापला गेला होता. मोजण्यात चूक झाल्याचं ओपनएआयने नंतर स्वतःच नोंदवून 124 दशलक्ष असा आकडा दिला. त्यामुळे दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः बेरीज करा.

खड्डा असा. टोकन आत घेताना आणि शेवटी गुण देताना हे मॉडेल एकच तक्ता वापरतं. कुणी हे न ओळखता तो दोनदा धरला, तर 163,037,184 येतात, म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त. `state_dict()` मधल्या सगळ्या नोंदी मोजल्या की हीच चूक होते, कारण तिथे सामायिक तक्ता दोन नावांनी दिसतो. `parameters()` मात्र तो एकदाच देतं. कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही ही मोजणी होते, कारण `meta` वर मॉडेल बांधलं की आकड्यांसाठी जागाच घेतली जात नाही:

```python
with torch.device("meta"):
    model = GPT(config)
print(sum(p.numel() for p in model.parameters()))
```

उत्तर 163 दशलक्ष आलं तर तुमच्या कोडमध्ये तक्ता सामायिक झालेलाच नाही, असं समजा. तो दोष आधी काढा.

मेमरीचे दोन ढीग

भावाचा पाचशे एमबीचा आकडा चुकीचा नव्हता. 124.4 दशलक्ष गुणिले चार बाइट म्हणजे खरंच 0.46 जीआयबी. पण ते फक्त वजनं ठेवायला. शिकवताना त्याशिवाय बरंच काही मेमरीत बसतं आणि त्याचे दोन ढीग करावेत: बॅच कितीही असली तरी तेवढाच राहणारा, आणि बॅचबरोबर वाढणारा.

पहिल्या ढिगात वजनं 0.46 जीआयबी. ॲडम हा ऑप्टिमायझर प्रत्येक पॅरामीटरमागे दोन आकडे सांभाळतो, त्याचे 0.93. मिश्र अचूकतेत, म्हणजे 32 आणि 16 बिट मिसळून काम करताना, वजनांची 16-बिट प्रत तयार होते, तिचे 0.23. बेरीज 1.62. ग्रेडियंट मी इथे धरले नाहीत, कारण मेमरीचं टोक ज्या क्षणी गाठलं जातं, म्हणजे बॅकवर्ड सुरू होताना, मागच्या पायरीचे ग्रेडियंट पुसलेले असतात आणि नवे अजून आलेले नसतात. ग्रेडियंट साठवत चार-चार तुकड्यांची बॅच करत असाल, तर मात्र आणखी 0.46 धरायला हवेत.

दुसरा ढीग खरा. थरांमधली मधली उत्तरं बॅकवर्डसाठी जपून ठेवावी लागतात. मिश्र अचूकतेत, ड्रॉपआउट नसताना आणि अटेन्शनसाठी `scaled_dot_product_attention` वापरताना एका थरात दर टोकनाला रुंदीच्या प्रत्येक घरामागे साधारण 36 बाइट लागतात. त्यांतले 16 बाइट चौपट रुंद असलेल्या जोडणीच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांचे, 6 क्वेरी-की-व्हॅल्यूचे, 8 बाइट 32-बिटात वाहणाऱ्या मुख्य प्रवाहाच्या दोन प्रतींचे आणि उरलेले 6 किरकोळ. एका नमुन्याला:

```
1024 × 768 × 36 × 12 = 339,738,624 बाइट ≈ 0.32 GiB
```

आता लॉजिट. एका नमुन्याचे लॉजिट 32-बिटात 0.19 जीआयबी होतात. पण ते एकदाच राहत नाहीत. मॉडेलमधून ते 16-बिटात बाहेर येतात, ही अर्धी प्रत. क्रॉस-एन्ट्रॉपी 32-बिटात चालते, तिथे लॉग-सॉफ्टमॅक्सची एक पूर्ण प्रत जपली जाते. बॅकवर्डमध्ये आणखी दोन पूर्ण प्रती, एक येणाऱ्या ग्रेडियंटची, एक जाणाऱ्या. एकूण साडेतीन प्रती, म्हणजे 0.67 जीआयबी.

म्हणजे दर नमुन्याला 0.32 आणि 0.67 मिळून जवळजवळ एक जीआयबी. त्यातला दोन-तृतीयांश भाग एकट्या शेवटच्या टप्प्याचा. बॅच 16 ला 16 जीआयबी अधिक 1.62. टी4 वर छापलेले 16 जीबी असले, तरी पायटॉर्चच्या हाती पंधरा जीआयबीपेक्षा थोडं कमीच येतं, आणि कुडाचा स्वतःचा पसारा त्यातून काही शे एमबी घेतो. पुरणं शक्यच नव्हतं.

मग बॅच 13 तीन पायऱ्या कशी चालली?

भाव इथेच गोंधळला होता. "पहिल्यांदा मावलं तर नंतर का मावू नये? कुठेतरी मेमरी गळतेय नक्की." त्याने गळती शोधायला अर्धी रात्र घालवली. गळती नव्हती.

ॲडम आपले दोन आकडे सुरुवातीला घेत नाही. `optimizer.step()` पहिल्यांदा खरोखर चालतं तेव्हा घेतो. त्याआधी पक्का ढीग फक्त 0.69 जीआयबीचा. बॅच 13 चं टोक तेव्हा साधारण 13.5 वर येतं, आणि ते मावतं. ॲडमचे 0.93 आले की तेच टोक 14.4 च्या पुढे जातं. वर कुडाचा पसारा. भरलं.

असं असेल तर दुसऱ्याच पायरीला पडायला हवं होतं, चौथ्याला का? कारण 16-बिटात काम करताना `GradScaler` लॉसला 65,536 ने गुणून सुरुवात करतो. एवढ्याने सुरुवातीला ग्रेडियंट अनेकदा अनंतात जातात. मग तो ती पायरी गाळतो, गुणक निम्मा करतो आणि पुढच्या वेळी पुन्हा पाहतो. त्याच्या पहिल्या दोन पायऱ्या अशा गाळल्या गेल्या होत्या. तिसऱ्या पायरीला ॲडम पहिल्यांदा जागा झाला आणि चौथीच्या बॅकवर्डला जागा उरली नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. `scaler.get_scale()` दर पायरीला छापा. आकडा निम्मा होत असेल तर ती पायरी गाळली गेली. तो स्थिर राहिला आणि त्याच्या पुढच्याच पायरीला मेमरी संपली, तर दोष ॲडमचा आहे. मेमरी शंभर-दोनशे पायऱ्यांनंतर हळूहळू चढत संपत असेल तर मात्र खरी गळती शोधा. बहुतेकदा कुणीतरी `loss` चा टेन्सर तसाच यादीत जमा करत असतं, `.item()` न लावता. आणि ठरावीक अंतराने, तपासणीच्या वेळीच पडत असेल, तर तपासणीचा भाग `torch.no_grad()` मध्ये आहे का ते पाहा.

घरच्या कार्डवर दोन बॅच चालवून पडताळा

कागदावरच्या 36 बाइटांवर किंवा साडेतीन प्रतींवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. तुमच्या कोडमध्ये ड्रॉपआउट असेल, अटेन्शन हाताने लिहिलेलं असेल, तर आकडा बदलतो. हाताने लिहिलेल्या अटेन्शनमध्ये 1024 × 1024 चा चौकोन प्रत्येक हेडला जपला जातो, आणि ऑटोकास्टखाली सॉफ्टमॅक्स 32-बिटात होत असल्यामुळे तो ढीग थरांच्या बाकी सगळ्या ढिगापेक्षा मोठा होतो.

म्हणून मी असं करते. घरी सहा जीबीचं का असेना, कोणतंही एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यावर बॅच 1 आणि मग बॅच 2, दोन्ही वेळा वेगळी प्रोसेस सुरू करून, प्रत्येकी दहा पायऱ्या:

```python
torch.cuda.reset_peak_memory_stats()
for _ in range(10):
    train_step()
print(torch.cuda.max_memory_allocated() / 2**30)
```

तीन नाही, दहाच. कारण वर सांगितलं तेच, ॲडम जागा व्हायला हवा. भावाला 2.6 आणि 3.6 च्या आसपास आकडे मिळाले. फरक एक, म्हणजे दर नमुन्याचा खर्च एक जीआयबी. पहिल्या आकड्यातून एक वजा केलं की पक्का ढीग 1.6. दोन आकड्यांवरून सरळ रेषा काढून कुठल्याही बॅचची मेमरी सांगता येते. मोठ्या मॉडेलला, लहान बॅचवर, टोक बॅकवर्डऐवजी ऑप्टिमायझरच्या वेळी येऊ शकतं आणि ही रेषा वाकते. तिथे बॅच 2 आणि 4 घ्या. भाड्याच्या कार्डवर जाताना या उत्तरावर मी दहा टक्के वाढवते.

काय बदललं

भावाने मोठं कार्ड घेतलं नाही. दोन-तृतीयांश खर्च लॉजिटचा आहे हे दिसल्यावर मी त्याला विचारलं, "मराठीसाठी इंग्रजीचा 50,257 टोकनांचा संग्रह कशाला रे?" जीपीटी-2 चा टोकनायझर बाइटवर चालतो आणि इंग्रजी मजकुरावर बेतलेला आहे. "मराठी" या शब्दात पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा. त्यात देवनागरीचे बाइट जोडून बनलेली टोकन फारशी नसल्यामुळे एका चिन्हालाच बहुधा एकाहून जास्त टोकन पडतात. 1024 टोकनांच्या खिडकीत मजकूर मावतो तो थोडाच, आणि त्या संग्रहातल्या बहुतांश टोकनांना मराठीत कधीच काम नसतं, तरी त्यांचे गुण दर टोकनाला काढावे लागतात.

त्याने आपल्याच मजकुरावर 16,384 टोकनांचा नवा संग्रह बनवला. पॅरामीटर 98,425,344 झाले. एका नमुन्याचे लॉजिट 32-बिटात बरोबर 64 एमआयबी, साडेतीन प्रती 0.22 जीआयबी. थरांचे 0.32 तसेच. म्हणजे दर नमुन्याला 0.54, आणि पक्का ढीग 1.28. बॅच 16 ला दहाच्याही आत. त्याच टी4 वर, चार जीआयबीहून जास्त शिल्लक ठेवून.

संग्रह बदलायची मुभा नसेल, तर बॅच 8 ठेवून दोनदा ग्रेडियंट साठवा, जुन्या संग्रहासहही दहाच्या आसपास बसतं. लॉजिट तुकड्या-तुकड्याने काढून लॉस मोजणं हाही मार्ग आहे. थरांची उत्तरं टाकून देऊन बॅकवर्डमध्ये पुन्हा काढण्याचा मार्ग लोक आधी सुचवतात, पण या मॉडेलमध्ये त्याने लहान ढीग कमी होतो, मोठा तसाच राहतो, आणि वेळ वाढतो. मी तो इथे वापरणार नाही.

किती तास?

मेमरी बसली की भाड्याचा प्रश्न. एका टोकनावर शिकायला लागणारी गणितं, फ्लॉप, यांचा ढोबळ नियम: गुणाकारात भाग घेणाऱ्या प्रत्येक पॅरामीटरमागे सहा. पुढे जाताना एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन, आणि मागे येताना त्याच्या दुप्पट. त्यात अटेन्शनचं वेगळं, कारण तिथे टोकन टोकनाला गुणतं, पॅरामीटरला नाही: 12 × थर × रुंदी × लांबी.

```
6 × 97.6 दशलक्ष            = 586 दशलक्ष
12 × 12 × 768 × 1024       = 113 दशलक्ष
एका टोकनाला                 ≈ 0.70 अब्ज फ्लॉप
```

97.6 का, 98.4 का नाही? जागांचा तक्ता फक्त वाचला जातो, त्याने गुणाकार होत नाही. टोकनांचा तक्ता मात्र धरला आहे, कारण शेवटी गुण काढताना तो खरोखर गुणला जातो.

इथे दुपटीच्या दोन चुका होतात आणि दोन्ही एकाच दिशेने फसवतात. पहिली, मोजणी करणारी काही साधनं गुणाकार-बेरजेची जोडी एकच धरतात. `fvcore` तसंच करतं. रेझनेट-50 चे 4.1 अब्ज म्हणून जो आकडा सगळीकडे दिसतो तो जोड्यांचाच आहे, सुटी गणितं 8.2 अब्ज. दुसरी, कार्डच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरातला वेग अनेकदा विरळ मॅट्रिक्स गृहीत धरलेला असतो. ए100 चे 624 टेराफ्लॉप तसे आहेत, साध्या ट्रेनिंगला त्याचे 312 धरायचे. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर सहा तासांचा अंदाज केलेलं काम प्रत्यक्षात चोवीस तास घेतं.

आणि कमाल वेग कधीच मिळत नाही. टी4 ची 16-बिटातली कमाल 65 टेराफ्लॉप. भावाने बॅच 16 ला एक पायरी 0.65 सेकंदांत होताना मोजली. त्या पायरीत 16,384 टोकन, म्हणजे 11.5 लाख कोटी फ्लॉप, म्हणजे सेकंदाला 17.6 टेराफ्लॉप, कमालीच्या 27 टक्के. पहिल्या वीस पायऱ्या सोडून, `torch.cuda.synchronize()` लावून हा वेळ मोजा, नाहीतर काम अजून रांगेत असताना घड्याळ थांबतं आणि वेग खोटा दिसतो. टक्केवारी दहाच्या खाली असेल तर कार्डाचा दोष नाही, मजकूर वाचणाऱ्या भागाकडे किंवा चुकून 32-बिटात राहिलेल्या गुणाकाराकडे पाहा.

त्याच्याकडे नव्या टोकनायझरने 30 कोटी टोकन होते. एका फेरीला 18,311 पायऱ्या, 0.65 सेकंदांनी सव्वातीन तासांवर. चार फेऱ्यांना सव्वातेरा तास. तपासण्या आणि मधूनमधून मॉडेल जपून ठेवणं धरून त्याने पंधरा तासांचं भाडं बाजूला ठेवलं.

मोठ्या कार्डचा प्रश्न त्याने पुन्हा काढला, तेव्हा आम्ही भागाकार केला. ए100 ची कमाल 312, टी4 ची 65, म्हणजे 4.8 पट. दोघांचा वापर सारख्याच टक्क्याने होत असेल, तर ए100 चं तासाचं भाडं टी4 च्या 4.8 पटीच्या आत असेल तरच ते स्वस्त पडतं. एवढ्या लहान मॉडेलला आणि बॅच 16 ला मोठं कार्ड भरत नाही, टक्केवारी घसरते, त्यामुळे मी चार पटीच्या खाली दर असल्याशिवाय हलायचं नाही म्हटलं. त्याने पाहिलेला दर त्याहून जास्त होता. शनिवारी रात्री नऊला त्याने टी4 वर काम लावलं आणि रविवारी दुपारी दीडच्या सुमारास लॉसच्या आलेखाचा फोटो पाठवला. मेमरीचं टोक 9.9 वर होतं.